मेलची पहिली ओळ

बाजारात बैल घ्यायला गेलेला जाणता माणूस आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो, मग शिंगं आणि रंग. ती आकड्यांचं तसंच करायची. आकडा चांगला आला की बाकीचे टाळ्या पिटायचे आणि ही त्याचं तोंड उघडायला बसायची. म्हणून ऑफिसात तिला सगळे तपासनीस म्हणत. तोंडावर म्हणत, तिलाही त्याचं काही वाटत नसे. घरी सासूबाईसुद्धा कधीकधी म्हणायच्या, "आली का तुमची तपासनीस? मीठ कमी पडलंय का बघ म्हणावं."

ती जाहिरात एजन्सीत होती. चित्रं काढणारी नव्हे, घोषवाक्यं जुळवणारी नव्हे. इंटरनेटवर जाहिरात टाकल्यावर ती किती लोकांनी पाहिली, कितींनी तिच्यावर बोट ठेवलं, त्यांतल्या कितींनी नाव आणि फोन नंबर लिहून चौकशी केली, हे मोजायचं आणि महिना संपला की गिऱ्हाइकाला मेल लिहून सांगायचं, हे तिचं काम. कामाचं वर्णन तिनं सासूबाईंना एकदा करून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे दुकानाच्या दारात बसून कोण आलं कोण गेलं बघायचं. आमच्या चुलतसासऱ्यांनी जन्मभर तेच केलं, त्यांना कुणी पगार नाही दिला."

ऑफिस फरशीच्या दुकानावर होतं. खाली दिवसभर फरशा कापायचं यंत्र किरकिरायचं, त्यामुळे वर सगळे जरा मोठ्यानंच बोलत. पांढऱ्या टेबलांवर कायम बारीक धूळ. तपासनीस रोज आल्या आल्या ओल्या फडक्यानं आपलं टेबल पुसायची, शेजारच्याचं पुसायची नाही.

एजन्सीत अर्धी भागीदारी असलेला, गिऱ्हाइकांशी बोलायचं सगळं काम करणारा माणूस म्हणजे इस्त्री. हे नाव त्याला त्याच्या कपड्यांवरून मिळालेलं नव्हतं, कपडे त्याचे चुरगळलेलेच असत. त्याच्या हाताखालून गेलेल्या वाक्याला सुरकुती राहत नसे, म्हणून इस्त्री. गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर तो "शिकायला मिळालं" लिहायचा. जाहिरात कुणी पाहिली नाही तर "निवडक लोकांपर्यंत पोचली" लिहायचा. खोटं तो कधी लिहायचा नाही, हेही सांगितलं पाहिजे. खऱ्यालाच तो असा काही घडी घालायचा की आतली बाजू बाहेर दिसायची नाही. दर महिन्याचा मेल तपासनीसच्या नावानं जायचा, पण आधी त्याच्या नजरेखालून.

त्यांचं एक चांगलं गिऱ्हाईक होतं. स्वयंपाकघरातली कपाटं बनवणारा कारखाना. मालक मुळात सुतार. रंधा मारता मारता कारखान्यापर्यंत आलेला, अजूनही नवीन माणसाशी बोलताना त्याच्या हाताकडे बघणारा. जाहिरातीचं सगळं त्याचा पुतण्या बघायचा. जाहिरात पाहून लोक संकेतस्थळावर येत, अर्ज भरत आणि तो अर्ज कारखान्यातल्या फोनखोलीत पोचे. फोनखोलीत बायका बसत. त्या अर्जवाल्यांना फोन करत, घरी माप घ्यायला माणूस कधी पाठवायचा ते ठरवत. पुढं कपाट विकलं जाई की न जाई, पण माप घ्यायला माणूस गेला म्हणजे फोनखोलीचं काम झालं.

तीन महिने या गिऱ्हाइकाचे आकडे फार सुंदर येत होते. महिन्याला सहाशेच्या आसपास चौकश्या. मालक खूश, पुतण्याची मान ताठ. त्याच जोरावर एजन्सीचा करार वर्षभरासाठी वाढला आणि सहाशे हेच पुढचं लक्ष्य ठरलं. चौथ्या महिन्यात चौकश्या आल्या तीनशे.

नुसत्या कमी नव्हे, निम्म्या. जाहिरातीचा खर्च तेवढाच, बघणारे तेवढेच, बोट ठेवणारे तेवढेच. म्हणजे एका चौकशीमागचा खर्च दुप्पट. आणि आलेख उतरत गेला नव्हता. महिना लागताना एका दिवसात भिंतीवरून उडी मारावी तसा खाली आला होता. त्याच दिवशी पुतण्यानं आपल्या मित्राकडून बनवून घेतलेलं नवं संकेतस्थळ सुरू झालं होतं.

इस्त्रीनं आलेख पाहिला, तारीख पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. "हे बघ, नवीन संकेतस्थळ. आपला काही संबंध नाही."

"असेलही," तपासनीस म्हणाली.

"असेलही काय? त्याच दिवशी पडलंय."

"अर्ज तर तसाच आहे, सर. चारच रकाने. मी भरून बघितला. लोक आत येतात, तेवढाच वेळ थांबतात. मग निम्म्यांनी अर्ज का सोडावा?"

"रंग आवडला नसेल. तुला काय करायचंय? लिही."

तिनं लिहिलं नाही. तिनं एक गोष्ट केली, जी एजन्सीत आजवर कुणी केली नव्हती. करायची नाही असा काही नियम नव्हता, पण रीत नव्हती. एजन्सीचं बोलणं पुतण्याशी, पुतण्याचं मालकाशी. अर्ज ज्यांच्या हातात पडतात त्या बायकांना कुणी कधी फोन लावला नव्हता. तिनं कारखान्याचा नंबर फिरवला आणि फोनखोली मागितली.

पलीकडे फोनखोलीची प्रमुख आली. तिला सगळे काकू म्हणत, मालकसुद्धा.

"बोला, कुठलं माप घ्यायचंय? सरळ ओटा का एल आकाराचा?"

"नाही, मी जाहिरात एजन्सीतून बोलतेय. मी तुमच्या चौकश्या मोजते."

काकू म्हणाल्या, "अच्छा. त्या तुम्ही होय? आमच्या मुळावर आलेल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे काय विचारता, ताई? तुम्ही म्हणता सहाशे. आमच्या कॉम्प्युटरवर येतात तीनशे. मालक विचारतो, उरलेल्या तीनशेंचं काय केलं? खाल्ल्या का? मी म्हणते, आल्याच नाहीत. तो म्हणतो, एजन्सीचा कागद काय खोटं बोलतो? पुतण्या म्हणतो, काकू, तुमच्या पोरी फोन करायचा कंटाळा करतात आणि नावं पुसून टाकतात."

"आणि ह्या महिन्यात? ह्या महिन्यात किती कमी आल्या?"

"कमी कुठल्या? तेवढ्याच. चार-दोन जास्तच असतील."

तपासनीसच्या हातातलं पेन खाली ठेवलं गेलं. काकूंना इकडचं काही दिसत नव्हतं, त्या बोलतच होत्या.

"खरं सांगू का? मला वाटत होतं पुतण्याच निम्मी नावं परस्पर कुणाला तरी विकतो. मी तर त्याच्या मित्रावर डोळा ठेवून होते. आता काही उपयोग नाही म्हणा. महिनाअखेरीस आमची खोली बंद. बाहेरच्या कुठल्या तरी कॉल सेंटरला काम देणार आहेत. तिथं म्हणे एकही चौकशी वाया जात नाही. जाईल कशी, आलेलीच नाही तर?"

"खोली बंद म्हणजे तुम्ही सगळ्या?"

"मग काय, खोली बंद करून आम्हाला आत ठेवणार आहेत का?"

फोन ठेवून तपासनीस जागेवरच बसली. खाली यंत्र किरकिरत होतं. मग तिनं मागच्या तीन महिन्यांचा एकूण आकडा उघडला आणि तो कशाकशानं बनलाय ते वेगळं करून पाहिलं. दोन ओळी निघाल्या, मोजणीसाठी घातलेल्या दोन वेगळ्या खुणांच्या. एक, अर्जाखालचं 'पाठवा' हे बटण दाबलं की मोजायची. दुसरी, अर्ज गेल्यावर 'धन्यवाद, आम्ही लवकरच फोन करू' असं पान उघडतं, ते उघडलं की मोजायची. दोन्ही ओळी तीन महिने जुळ्या बहिणींसारख्या बरोबर चालल्या होत्या. बटणाची जरा पुढं, कारण काहीजण नंबर अर्धा लिहूनच बटण दाबतात आणि अर्ज जातच नाही. आणि कॉम्प्युटरातलं मोजणीचं यंत्र दोन्हींची बेरीज करून वर सहाशे दाखवत होतं. एकच माणूस उंबऱ्यावर एकदा मोजला होता, आत येऊन बसल्यावर पुन्हा.

अशा वेळी एक खूण मोजणीत धरायची आणि दुसरी नुसती बघण्यापुरती ठेवायची, ही त्या कामातली साधी शिस्त. कुणीतरी दोन्ही मोजणीत धरल्या होत्या. नवीन संकेतस्थळावर बटण बदललं, जुन्या खुणेला ते ओळखू येईना, ती गप्प झाली आणि आकडा आपोआप खरा झाला. चौकश्या पडल्या नव्हत्याच. त्या कधी चढल्याच नव्हत्या.

कोणी काय बदललं याची नोंद यंत्र ठेवतं. तिनं ती उघडली. धन्यवादाच्या पानाची खूण ज्या दिवशी घातली, त्या दिवसापुढं नाव तिचंच होतं. या गिऱ्हाइकाचं खातं आधीच्या माणसाकडून तिच्याकडे आलं तेव्हा तिनं ती चांगली, पक्की खूण म्हणून घातली होती आणि जुनी बटणाची खूण नुसती बघण्यापुरती असेल असं गृहीत धरलं होतं. सगळ्यांच्या आकड्यांचे दात बघणारीनं स्वतःच्या बैलाचं तोंड उघडलं नव्हतं. आकडा चांगला आला तेव्हा तिनंही टाळी वाजवली होती.

ती उठली आणि इस्त्रीच्या काचेच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "हे आणखी कुणाला माहितेय?"

"तुम्हाला."

"बरं झालं." त्यानं तिच्यासमोर आपला मसुदा सरकवला. त्यात लिहिलं होतं: नवीन संकेतस्थळ सुरू झाल्यानंतर चौकश्यांमध्ये घट दिसून आली.

"घट झालेली नाही, सर."

"झाली असं कुठं लिहिलंय? दिसून आली. तुला दिसली, मला दिसली, पुतण्याला दिसली. ह्यात खोटं काय?"

"हे वाचून मालक काय समजेल?"

"त्याला काय समजायचं ते समजू दे. मी त्याच्या डोक्यात बसलोय का?"

"तो फोनखोली बंद करतोय. आपल्या आकड्यावरून. तिथल्या बायका चौकश्या वाया घालवतात म्हणून."

"तो त्यांच्या घरचा मामला. आपण काय त्यांच्या फोनखोलीचा ठेका घेतलाय?" इस्त्री खुर्चीत मागं रेलला. "हे बघ, अगं, खोटं लिही असं मी तुला म्हणतच नाही. लिही ना. नवव्या पानावर 'मोजणीच्या पद्धतीत केलेली सुधारणा' म्हणून एक परिच्छेद टाक. खुणा दोन होत्या, आता एक आहे, मागचे आकडे त्यानुसार वाचावेत. झालं. उद्या कुणी विचारलंच, तर आपण सांगितलं होतं."

"नवव्या पानापर्यंत कोण जातं?"

"ते आपल्या हातात नाही."

तपासनीसला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं. पुतण्या अहवालातला वरचा आकडा आणि रंगीत आलेख बघायचा. मालकाला मेलची प्रत जायची, पण तो मेल उघडायचाच नाही. त्याच्या फोनवर, हात भुशानं भरलेले असताना, पडद्यावर मेलची पहिली ओळ जेवढी उमटते तेवढीच तो वाचायचा. एका बैठकीत त्यानंच तसं सांगितलं होतं, अभिमानानं. आणि एजन्सीच्या मेलची पहिली ओळ कायम एकच असायची: सस्नेह नमस्कार, या महिन्याचा अहवाल सोबत जोडला आहे. म्हणजे इतक्या महिन्यांत मालकानं तेवढंच वाचलं होतं. बाकीचं पुतण्याच्या तोंडून.

त्या दिवशी ती मेल न पाठवताच घरी गेली. नवरा मोटार शिकवायच्या शाळेत शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या पायाखालचा ब्रेक सांभाळून त्याचा उजवा गुडघा दुखायचा, म्हणून संध्याकाळी तो पाय स्टुलावर ठेवून बसे. तिनं भाजी निवडता निवडता त्याला सांगितलं.

"म्हणजे चूक तुझी," तो म्हणाला.

"हो."

"आणि नोकरीही तुझीच जाईल."

"जाईल किंवा नाही. माहीत नाही."

"आणि लेकीच्या शाळेची फी माझ्याच्यानं एकट्यानं निघायची नाही."

"तेही माहितेय."

त्यानं गुडघा चोळला. "आमच्याकडे एक जण येतो. गाडी मागं घेताना दर वेळी खांबाला लावतो. म्हणतो, खांब नवीन बसवलाय का?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "तुम्ही दोघं कोड्यात बोलू नका. काय झालंय ते नीट सांगा." तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्या बायकांची पोरंबाळं आहेत का?" तिला माहीत नव्हतं. "मग विचारायचं होतंस," म्हणून त्यांनी पोरीला हाक मारली आणि हात धुवायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं टेबल पुसलं आणि मेल लिहायला घेतला. पहिली ओळ नमस्काराची ठेवली नाही. लिहिलं:

मागच्या तीन महिन्यांत मी तुमच्या चौकश्या दोनदा मोजल्या. तुमची फोनखोली सांगत होती तो तीनशेचा आकडाच खरा आहे.

मग खाली लिहिलं: "या महिन्यात चौकश्या तीनशे आल्या, लक्ष्य सहाशेचं होतं. लक्ष्य हुकलं आहे, पण ते लक्ष्यच चुकीच्या आकड्यावर ठरलं होतं. चौकश्या घटलेल्या नाहीत आणि त्या नवीन संकेतस्थळामुळेही घटलेल्या नाहीत. अर्जाचं बटण दाबणं आणि अर्ज पोचणं या दोन्ही गोष्टी मी वेगवेगळ्या चौकश्या म्हणून धरल्या. फोनखोलीकडे आलेल्या नावांवर काम झालं नाही, असा निष्कर्ष या आकड्यांवरून काढला गेला असेल, तर तो मागं घ्यावा. एका चौकशीचा खरा खर्च आम्ही सांगत होतो त्याच्या दुप्पट आहे. तो कमी कसा करता येईल याचे तीन उपाय पुढं दिले आहेत. पण त्यानं सहाशेपर्यंत जाता येईल असं मला वाटत नाही. यापुढं आम्ही आमचा आकडा फोनखोलीच्या आकड्याशी ताडून मगच पाठवू."

इस्त्रीनं तो उभ्यानंच वाचला. पहिली ओळ वाचून त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुसल्यानं ओळ बदलली नव्हती.

"वर का घेतलंस?"

"तो वरचंच वाचतो."

"म्हणून तर खाली ठेवायचं होतं, बाई माझी."

तो खिडकीपाशी जाऊन खाली उतरवत असलेल्या फरशा बघत राहिला. हिशोब त्याचाही चालू होता. आज सांगितलं तर करार जाईल. उद्या कॉल सेंटरवाल्यांनीच पहिल्या आठवड्यात ओरडून सांगितलं, की तीनशेच येतात, तर करारही जाईल आणि नावही. शेवटी तो वळला.

"पाठव. पण चुकीत 'आम्ही' कुठं आलं नाही पाहिजे. जिथं चूक आहे तिथं 'मी'. जिथं सुधारणा आहे तिथं 'आम्ही'."

"तसंच लिहिलंय."

त्यानं पुन्हा वाचून पाहिलं. खरंच तसंच होतं. फक्त एका ठिकाणी, 'आम्ही सांगत होतो त्याच्या दुप्पट' तिथं, त्यानं बोट ठेवलं आणि तिनं 'मी' केलं. मग मेल गेला.

अर्ध्या तासात पुतण्याचा फोन. "मॅडम, हे काय पाठवलंत? आणि काकांना प्रत कशाला?"

"दर महिन्यालाच जाते."

"दर महिन्याला ते वाचतात का? आज वाचलं! लाकडाच्या ट्रकपाशी उभं राहून मला मोठ्यानं वाचून दाखवलं, ड्रायव्हरदेखत. कॉल सेंटरवाल्यांना मी शब्द देऊन बसलोय, त्याचं काय करू?"

"त्यांना सांगा, चौकश्या तीनशेच आहेत. सहाशे धरून भाव दिला असेल तर तेच नाही म्हणतील."

हे पुतण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. "तुमचं बरं आहे," म्हणून त्यानं फोन ठेवला.

मालकानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कारखान्यात बोलावलं. त्याचं ऑफिस होतं, पण तिथं तो बसायचा नाही. लाकूड कापायच्या यंत्रापलीकडं एक लांब बाक होता, त्यावर नमुन्याची दारं उभी करून ठेवलेली. इस्त्री आणि तपासनीस एका बाजूला, पुतण्या दुसऱ्या बाजूला. काकू उभ्याच होत्या. बस म्हटल्यावरही बसल्या नाहीत.

मालकानं तपासनीसच्या हातांकडं पाहिलं. "चूक कुणाची?"

"माझी."

"म्हणजे कशी? मला कॉम्प्युटरातलं सांगू नका."

"गिऱ्हाईक दारात आलं तेव्हा एकदा मोजलं. आत येऊन बसलं तेव्हा परत मोजलं."

"एकाच फळीचं माप दोन बाजूंनी घेऊन बेरीज केली."

"हो."

"आणि तीन महिने कळलं नाही?"

"आकडा चांगला होता. चांगल्या आकड्याला कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही."

इस्त्री खोकला आणि पुढं सरकला. "साहेब, आमच्या बाजूनं आम्ही यातून खूप शिक—"

"तुम्ही थांबा," मालक म्हणाला. मग काकूंकडं वळला. सगळ्यांना वाटलं आता काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, "खोली राहू दे."

"राहू दे म्हणजे?" काकू.

"म्हणजे बंद नाही करायची. पहिल्यासारखं चालू दे."

"पहिल्यासारखं म्हणजे शिव्यांसकट का शिव्यांशिवाय?"

यंत्रावरचा कामगार हसला आणि मालकानं बघताच फळीकडं वळला. मालक म्हणाला, "काकू, आता तुम्ही जीव खाऊ नका." माफीचं म्हणून तेवढंच. पुतण्या काही बोलायच्या आत त्यानं त्यालाही सांगितलं, की कॉल सेंटरला आजच नाही म्हणून टाक, आणि कारण विचारलं तर काका वेडा आहे म्हण.

एजन्सीचंही त्यानं तिथंच उरकलं. वर्षाचा करार मोडला. पुढची बोली एका वेळी तीन महिन्यांची, जाहिरातीवरचा खर्च निम्मा, आणि चौकश्यांचा आकडा एजन्सीचा नव्हे, काकूंचा धरायचा. इस्त्रीनं मान डोलावली. दारापाशी पोचेपर्यंत त्याच्या तोंडात वाक्य तयार झालं होतं, की गिऱ्हाइकानं आपल्यावर नव्यानं विश्वास टाकला आहे. तपासनीसला त्यानं विचारलं, "हे बरं वाटतं ना?" ती म्हणाली, "वाटतं." या खात्यावर ती राहील का, हा विषय त्यानं काढला नाही. पुढच्या महिन्यापासून तिच्या पगारातली कामगिरीवरची वाढ थांबली, ते तिला पगाराच्या चिठ्ठीवरून कळलं आणि तिनं त्याबद्दल विचारलंही नाही.

पण त्या दिवशी इस्त्री गाडी काढायला पुढं गेला आणि ती मागं राहिली. काकूंनी तिला हाक मारून फोनखोलीत नेलं होतं. खोली म्हणजे गोदामाला लागून काढलेला लांबट पट्टा. रंगाचा वास, एकच खिडकी, भिंतीला लावून मांडलेल्या खुर्च्या. बायका बोलत होत्या, कुणी मान वर केली नाही. एका खुर्चीवर हेडफोनची वायर गुंडाळून ठेवलेली होती.

"बघून घ्या," काकू म्हणाल्या. "इतके दिवस मोजता, कुणाला मोजता ते तरी दिसू दे."

"ही खुर्ची?"

"ती गेली. मागच्याच आठवड्यात. पुतण्यानं तिला सगळ्यांसमोर विचारलं, फोन करतेस का झोपतेस. दुसऱ्या दिवशी आली नाही. सगळ्यांत जास्त मापं तीच ठरवायची."

"तिला सांगितलं का, खोली राहतेय म्हणून?"

"मी कशाला सांगू? आकडा तुमचा, तुम्ही सांगा. मालकाला मेल लिहिलात ना? तिलाही लिहा."

"तिचा पत्ता द्या."

"तिचा कसला मेल? फोन आहे. हा घ्या." काकूंनी स्वतःच नंबर लावून दिला.

तपासनीसनं आपण कोण ते सांगितलं. मग मेलची पहिली ओळ जशीच्या तशी सांगितली, की चौकश्या मी दोनदा मोजल्या, तुम्ही सांगत होता तोच आकडा खरा होता. पलीकडं कुणीतरी भाव विचारत होतं.

"बरं," ती बाई म्हणाली.

"खोली बंद होत नाहीये. तुम्हाला परत यायचं असेल तर—"

"मालकानं सांगितलंय का तसं?"

"नाही. मीच सांगतेय."

"मग तुम्ही कशाला सांगता? तुम्ही काय मला पगार देणार आहात?" मग आवाज जरा बाजूला झाला, दुसऱ्या कुणाला तरी ती म्हणाली, "हो हो, ह्यात निळापण आहे, काढते." आणि परत फोनवर, "मी आता पडद्यांच्या दुकानात आहे. समोर गिऱ्हाईक उभंय. कळलं मला. ठेवते."

फोन बंद झाला. तपासनीसनं तो काकूंच्या हातात दिला.

"काय म्हणाली?"

"दुकानात आहे. गिऱ्हाईक आहे म्हणाली."

"म्हणजे लागली कामाला," काकू म्हणाल्या. त्यांनी गुंडाळलेली वायर सोडवली, त्या रिकाम्या खुर्चीवर स्वतः बसल्या आणि यादीतलं पुढचं नाव काढलं. "जा तुम्ही. तुमचा माणूस बाहेर हॉर्न वाजवतोय."